‘हरिकेन येत नाहीये, काळजी नको’: मायकेल फिश यांच्या एका वाक्याची उलटतपासणी

थेट प्रक्षेपणातल्या फजितींची कुठलीही यादी काढा, बीबीसीचे हवामानतज्ज्ञ मायकेल फिश त्यात सापडणारच. गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: ऑक्टोबर १९८७, वादळाची आदली रात्र. फिश पडद्यावर येतात आणि सांगतात, एका बाईने बीबीसीला फोन करून विचारलं की हरिकेन येतंय म्हणे. बाई, बघत असाल तर काळजी करू नका, तसं काही नाही. त्यानंतर काही तासांतच दक्षिण इंग्लंड झोडपून निघतं. फोन करणारी बाई बरोबर आणि पगारी तज्ज्ञ चूक, हा गोष्टीचा गाभा. ती इतकी चपखल आहे की खरी असेल का, हा प्रश्नच सहसा कोणाला पडत नाही.

अशा प्रकरणात ‘खरं की खोटं’ असा एकच प्रश्न विचारला तर उत्तरही अर्धवटच मिळतं. गोष्ट आधी सुटी करावी लागते. फिश ते वाक्य बोलले का? कधी बोलले? त्यापुढे काय बोलले? वाक्य नेमक्या कुठल्या वादळाबद्दल होतं? वादळाआधीचा शेवटचा शब्द त्यांचाच होता का? आणि इशारा खरंच कोणी दिला नव्हता का? प्रत्येक प्रश्नाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी आहे आणि उत्तरंही एका दिशेला जात नाहीत.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागत नाही. चित्रफीत उपलब्ध आहे आणि वाक्य त्यात स्पष्ट ऐकू येतं. प्रक्षेपणातल्या चुकांच्या कथांत ही चैनच म्हणायची, कारण १९५०-६० च्या दशकांतल्या कित्येक ‘प्रसिद्ध’ फजितींचं मूळ चित्रणच शिल्लक नाही. चित्रफिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि बरेच कार्यक्रम मुळात मुद्रित केलेच जात नसत. तिथे उरते ती ‘मी स्वतः पाहिलं होतं’ म्हणणाऱ्यांची साक्ष. इथे तसं नाही. म्हणून वाद शब्दांवर नाही, शब्दांच्या आजूबाजूला काय होतं त्यावर आहे.

सगळीकडे फिरणारी क्लिप काही सेकंदांची आहे. ‘देअर इझन्ट’ म्हणजे ‘तसं काही येत नाहीये’ या शब्दांवर ती संपते. मूळ निवेदन तिथे थांबत नाही. फिश लगेच पुढे म्हणतात की असं असलं तरी हवामान बरंच वादळी होणार आहे, मात्र जोराचे वारे बहुतांशी खाली स्पेनवर आणि तिकडून फ्रान्सवर असतील. हे शेपूट जोडल्यावर दोन गोष्टी बदलतात. एक, ‘काही होणार नाही’ असं ते म्हणाले नव्हते. वारा सुटणार असंच म्हणाले होते. दोन, चूक कुठे झाली ते नेमकं कळतं: वाऱ्याचा जोर कुठल्या पट्ट्यात असेल, त्यात. क्लिप कापणाऱ्याने खोटं काही घातलं नाही, फक्त ‘पण’च्या आधी कात्री लावली. एखादी गाजलेली क्लिप तपासताना म्हणूनच सगळ्यात आधी तिची दोन्ही टोकं बघायची. वाक्य संपल्यावर बोलणारा खरोखर थांबतो की पुढचा शब्द सुरू होताहोता चित्र तुटतं? सुरुवातीला तो कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर देतोय का? हे जिथे दिसत नाही, तिथे लांब प्रत मिळेपर्यंत निकाल देऊ नये.

असं वाक्य हवामानाच्या निवेदनात आलंच कसं, हे समजायला त्या काळच्या कामाची पद्धत माहीत हवी. बीबीसीच्या पडद्यावरचे हवामान निवेदक हे वृत्तनिवेदक नव्हते. ते हवामान खात्याचे म्हणजे मेट ऑफिसचे कर्मचारी, पेशाने हवामानतज्ज्ञ. फिश १९६२ साली मेट ऑफिसमध्ये लागले आणि १९७० च्या दशकात दूरचित्रवाणीवर आले. हे लोक समोरच्या पडद्यावरून मजकूर वाचत नसत. नकाशांचा क्रम आधी ठरलेला असे, वेळ ठरलेली असे, शब्द मात्र जागच्या जागी सुचतील ते. बातम्या संपल्या की ठराविक सेकंदांत बोलून मोकळं व्हायचं, तेही एका हलक्याफुलक्या वाक्याने सुरुवात करून. फोनवाल्या बाईचा किस्सा हा तसा सुरुवातीचा चुटका होता. लिहून काढलेलं निवेदन असतं तर संपादकाच्या नजरेखालून गेलं असतं आणि ‘काळजी नको’ इतका ठाम शब्द कदाचित गळला असता. उत्स्फूर्त बोलण्यात तशी गाळणी नसते.

आता वेळ. कथेत नेहमी ‘रात्र’ असते, कारण वादळ रात्री आलं आणि नाट्य तिथेच आहे. प्रत्यक्षात हे निवेदन १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारचं, जेवणाच्या वेळच्या बातम्यांनंतरचं आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या मुख्य बातम्यांनंतर हवामान सांगायला फिश नव्हते, त्यांचे सहकारी बिल गाइल्स होते. ज्या लोकांनी ‘रात्री झोपण्याआधी फिशने सांगितलं म्हणून निर्धास्त झोपलो’ असं पुढे सांगितलं, त्यांनी झोपण्याआधी बहुधा गाइल्सना पाहिलं असणार. हे लोक खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून वर्षानुवर्षं फिशचीच क्लिप दाखवली गेली, आणि आठवणीत तीच आदल्या रात्रीच्या जागी जाऊन बसली.

वेळेच्या तपासणीत आणखी एक खड्डा आहे, त्यात जाणकारही पडतात. हवामानाच्या नोंदी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. ब्रिटनमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे घड्याळ यूटीसीच्या एक तास पुढे. नोंदीत ‘दुपारी १२’ असेल तेव्हा लंडनच्या घड्याळात एक वाजलेला होता. म्हणून ‘बाराच्या नकाशावर सगळं दिसत होतं आणि तरी फिश दुपारी असं बोलले’ हा आरोप घड्याळ जुळवलं की ढेपाळतो. बाराची निरीक्षणं जहाजांवरून आणि केंद्रांवरून येऊन, नकाशावर चढून, त्यांचं विश्लेषण होईपर्यंत दुपारच्या बातम्या संपलेल्या असतात. फिश यांच्या हातात होता तो त्याआधीच्या निरीक्षणांवर बेतलेला अंदाज.

आकाशात काय चाललं होतं, ते मेट ऑफिसने नंतर मांडलेल्या नोंदींतून चांगलं दिसतं. १५ तारखेच्या दुपारी बारा यूटीसीला कमी दाबाचं केंद्र स्पेनच्या वायव्येला, ४६ अंश उत्तर आणि ९ अंश पश्चिमेच्या आसपास होतं, मध्यावरचा दाब ९७० मिलिबार. संध्याकाळी सहाला ते ईशान्येकडे सरकलं होतं आणि दाब ९६४ वर आला होता. मध्यरात्री ते इंग्लिश खाडीच्या पश्चिम टोकाशी पोचलं तेव्हा दाब ९५३. म्हणजे पहिल्या सहा तासांत सहा मिलिबार आणि पुढच्या सहा तासांत अकरा. दुपारी पाहणाऱ्याला दिसलं असतं ते एक तगडं, पण ओळखीच्या जातीचं केंद्र. त्याचा खरा अवतार संध्याकाळनंतरचा. पहाटे साडेपाचच्या सुमारास ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हंबर नदीच्या मुखाशी पोचलं आणि तोवर दक्षिण आणि आग्नेय इंग्लंडवरून सगळ्यात वाईट वारे वाहून गेले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या गॉर्लस्टनला १०६ नॉट म्हणजे ताशी सुमारे १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. ब्रिटनमध्ये १८ माणसं गेली, अंदाजे दीड कोटी झाडं पडली. ज्या सेव्हनओक्स गावाचं नावच सात ओक वृक्षांवरून पडलं, तिथल्या सातांपैकी सहा ओक त्या रात्रीत आडवे झाले. पानं अजून झाडांवर होती आणि पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती, हे त्यामागचं मोठं कारण.

मग इशारा नव्हताच का? होता, आणि कथेतून पूर्णपणे पुसला गेलेला भाग हाच आहे. चार-पाच दिवस आधी, ११ ऑक्टोबरच्या रविवारी शेतकऱ्यांसाठीच्या अंदाजात आठवड्याच्या शेवटी खराब हवामानाची सूचना दिली गेली होती. आठवड्याच्या मध्यावर मात्र संगणकाची प्रारूपं एकमेकांशी जुळेनाशी झाली. बरीचशी असं दाखवू लागली की केंद्र खाडीच्या बाजूबाजूने जाईल आणि इंग्लंडच्या फक्त दक्षिण किनाऱ्याला त्याचा फटका बसेल. फिश यांचं ‘स्पेन आणि फ्रान्स’ तिथूनच आलं. स्वतःच्या मनाने त्यांनी काही ठोकून दिलं नव्हतं, खात्याचा त्या दिवसाचा अंदाजच तसा होता. समुद्रासाठी तर १५ तारखेच्या सकाळी साडेसहालाच वादळी वाऱ्याचे इशारे निघाले आणि चार तासांनी ते आणखी तीव्र करण्यात आले. जहाजांना खबर होती. जमिनीवरच्या माणसाला मात्र दिवसभर पाऊस किती पडेल हेच जास्त ऐकवलं गेलं, वारा दुय्यम राहिला. लष्कराची मदत लागू शकते असं संरक्षण खात्याला कळवलं गेलं ते रात्री एक वाजून गेल्यावर.

खरी चूक इथे आहे, आणि ती एका निवेदकाच्या चुटक्यापेक्षा बरीच मोठी आहे. वादळानंतरच्या चौकशीतही भर पडला तो यंत्रणेवर: नैऋत्येकडच्या समुद्रावरची निरीक्षणं विरळ होती, तिथून जहाजं, विमानं, तरंगते बोये आणि उपग्रह यांच्याकडून जास्त आणि चांगली माहिती यायला हवी, प्रारूपं सुधारायला हवीत. पुढच्या वर्षी गंभीर हवामानाच्या इशाऱ्यांची वेगळी राष्ट्रीय सेवा उभी राहिली. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो चुटका, कारण यंत्रणेतल्या पोकळीची क्लिप काढता येत नाही.

आता फिश यांच्या बाजूने दिले जाणारे दोन बचाव. कथा खोडायच्या उत्साहात पुष्कळ लोक ते जसेच्या तसे मान्य करतात. ते बरोबर नाही. बचावालाही तोच निकष लावायला हवा.

पहिला बचाव व्याख्येचा. हरिकेन हे उष्ण समुद्रावर जन्मणारं उष्णकटिबंधीय वादळ. १९८७ चं वादळ मध्य अक्षांशातलं, थंड आणि उबदार हवेच्या टकरीतून वाढलेलं होतं. तेव्हा ‘हरिकेन येत नाहीये’ हे शास्त्राच्या भाषेत अक्षरशः खरं ठरतं. पण वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापात बाराव्या पायरीलाही ‘हरिकेन फोर्स’च म्हणतात, आणि ती १० मिनिटांच्या सरासरीने ६४ नॉटपासून सुरू होते. त्या रात्री खाडीतल्या रॉयल सॉव्हरिन दीपगृहावर तासाभराची सरासरी ७५ नॉट नोंदली गेली. म्हणजे वादळ हरिकेन नव्हतं, पण काही ठिकाणी वारा हरिकेनच्या ताकदीचा होता. इथे आणखी एक घोटाळा नेहमी होतो: झोताचा आकडा सरासरीच्या मर्यादेशी ताडून पाहिला जातो. १०६ नॉटचा झोत ६४ नॉटच्या मर्यादेपेक्षा मोठा म्हणून ‘बघा, हरिकेन होतंच’ असं म्हणता येत नाही. झोत काही सेकंदांचा, सरासरी मिनिटांची. रॉयल सॉव्हरिनचा आकडा उपयोगी पडतो तो सरासरीचा आहे म्हणूनच. एकंदरीत हा बचाव शब्दशः बरोबर आहे, पण ज्या बाईला घराचं छप्पर राहील का एवढंच कळून घ्यायचं असेल, तिच्यासाठी पोकळ.

दुसरा बचाव जास्त चलाख आहे. फिश पुढे सांगत आले की ते वाक्य ब्रिटनबद्दल नव्हतंच. आधीच्या बातम्यांत फ्लोरिडाच्या हरिकेनचा विषय होता आणि फोनही तिकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी चौकशीचा होता. ‘फजिती मुळात झालीच नव्हती’ असं सांगणारे लेख याच खुलाशावर उभे असतात. तो दोन ठिकाणी तपासता येतो.

आधी तारखा. त्या काळात फ्लोरिडाला धक्का देणारं हरिकेन होतं, त्याचं नाव फ्लॉइड. म्हणजे खुलासा हवेतून काढलेला नाही. पण फ्लॉइड फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरून गेलं १२ ऑक्टोबरला, आणि पुढच्या दोनेक दिवसांत ते विरून गेलं. १५ तारखेच्या दुपारी फ्लोरिडाकडे कुठलंही हरिकेन ‘येत’ नव्हतं. नुकसानीची बातमी तोवर चालू असू शकते, प्रवासाला निघालेल्या माणसाची धास्तीही शिल्लक असू शकते; त्यामुळे तारखांनी खुलासा खोटा पडत नाही. सैल मात्र होतो.

दुसरा पुरावा खुद्द वाक्यातच आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. ‘बघत असाल तर काळजी करू नका’ हे ब्रिटनमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या बाईला उद्देशून आहे. त्याला जोडूनच येतं ‘असं असलं तरी हवामान बरंच वादळी होणार आहे, पण जोराचे वारे स्पेन आणि फ्रान्सवर’. हा ‘असं असलं तरी’ दोन्ही वाक्यांना एकाच विषयाला बांधतो. पहिलं वाक्य फ्लोरिडाचं असतं तर दुसऱ्यात स्पेन-फ्रान्सचा वारा ‘तरी’ने जोडायचं काही कारण नव्हतं, विषय बदलताना माणूस ‘आता आपल्याकडे’ किंवा तत्सम काहीतरी म्हणतो. गंमत अशी की जे शेपूट कापल्यामुळे फिश यांच्यावर अन्याय झाला, तेच शेपूट त्यांचा नंतरचा खुलासा कमकुवत करतं. अख्खी क्लिप दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे, आणि म्हणूनच ती भरवशाची वाटते.

फोनचं काय? चित्रफितीतून एवढंच सिद्ध होतं की असा फोन आल्याचं फिश म्हणाले, तेही ‘म्हणे’ या अर्थाचा शब्द वापरून. म्हणजे त्यांनी स्वतः तो घेतलेला नव्हता, कोणीतरी कानावर घातला होता. फोन कोणी केला आणि नेमकं काय विचारलं, हा सगळा भाग वर्षांनंतरच्या सांगण्यावर टेकलेला आहे. कथेतल्या ‘बाई बरोबर होती’ या कळसाला याहून जास्त आधार नाही. आणि बाईने खरोखर हरिकेनच म्हटलं असेल, तर व्याख्येच्या बचावाप्रमाणे तीही अर्धीच बरोबर होती.

तेव्हा निकाल भागाभागाने लिहावा लागतो. फिश ते वाक्य बोलले: निर्विवाद. आदल्या रात्री बोलले: चूक, दुपारी. वाऱ्याचा धोकाच नाकारला: चूक, वारा सुटेल असं सांगितलं पण जोराचा पट्टा दक्षिणेला ढकलला. लोकांनी झोपण्याआधी ऐकलेला अंदाज त्यांचा होता: चूक. कोणी इशारा दिला नव्हता: समुद्रापुरतं चूक, जमिनीपुरतं जवळजवळ बरोबर. वाक्य फ्लोरिडाबद्दल होतं: शक्य आहे, पण वाक्याचा रोख उलट दिशेला आहे. एका ओळीत सांगायची सक्तीच असेल तर ‘घडलं, पण कथेत सांगतात तसं नाही’ इथपर्यंतच जाता येतं. ‘खोटी दंतकथा’ हा शिक्का इथे बसत नाही. कथा खोडणारे लेख बऱ्याचदा तो मारतात आणि मूळ कथेइतकेच घसरतात.

एवढं असूनही आखूड कथा टिकली, कारण तिला नंतर नवनवीन वापर मिळत गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात ती क्लिप झळकली. जानेवारी २०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हाल्डेन यांनी २००८ चं आर्थिक संकट न ओळखणं हा अर्थशास्त्राचा ‘मायकेल फिश क्षण’ असल्याचं म्हटलं. एकदा नाव असं म्हणीसारखं वापरात आलं की ऐकणाऱ्याला मूळ निवेदन पाहायची गरज उरत नाही, आणि प्रत्येक नव्या वापरात क्लिप तिथेच कापली जाते. अशा वेळी किती ठिकाणी गोष्ट आलीय हे मोजून उपयोग नसतो. दहा ठिकाणी सापडली तरी दहाही जण त्याच काही सेकंदांवर विसंबलेले असू शकतात.

या प्रकरणाची एक कडी अजून नीट जोडायची असेल तर शोधायची वस्तू ठरलेली आहे: १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारच्या बातम्यांचं अखंड ध्वनिचित्रमुद्रण, किंवा निदान त्यातल्या बातम्यांचा क्रम दाखवणारा कागद. हवामानाच्या लगेच आधी फ्लोरिडाची बातमी असेल, तर फिश यांचा खुलासा पुन्हा उभा राहतो आणि ‘असं असलं तरी’ हा निव्वळ उत्स्फूर्त बोलण्यातला ढिसाळपणा ठरतो. नसेल, तर तो खुलासा नंतर सुचलेला मानावा लागेल.